बॉसची पूर्वकथा त्याच्या वारांत कशी पेरायची

गेममधला बॉस कोण होता आणि असा का झाला, हे खेळणाऱ्याला कळावं म्हणून आपण सहसा लढाईआधी कटसीन लावतो किंवा लढाईनंतर एखाद्या वस्तूच्या वर्णनात चार ओळी लिहितो. कटसीन दुसऱ्या प्रयत्नापासून बटण दाबून उडवला जातो आणि वस्तूचं वर्णन बरेच जण उघडतच नाहीत. मधली पाच-दहा मिनिटं, आणि हरत राहिलं तर दोन-तीन तास, खेळणारा त्या बॉसकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतो. पूर्वकथा सांगायची जागा ती आहे. ती तिथे कशी बसवायची हे मी आधी एका प्रसिद्ध जोडीवरून दाखवतो आणि मग आमच्या लहानशा गेमसाठी रचलेल्या एका बॉसवरून, आकड्यांसकट.

आधी बघा: आर्टोरियस आणि सिफ

फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘डार्क सोल्स’ २०११ मध्ये आला. त्यात सिफ नावाचा एक महाकाय करडा लांडगा आर्टोरियस या सरदाराच्या कबरीची राखण करतो. आर्टोरियसची अंगठी घातल्याशिवाय अ‍ॅबिस नावाच्या अंधाऱ्या गर्तेत पाऊल टाकता येत नाही. ती अंगठी सिफला मारल्यावरच मिळते, म्हणून त्याच्याशी लढणं भाग पडतं. धनी त्या अंधाराच्या वाटेला गेला आणि परतला नाही. त्या वाटेला आणखी कोणी जाऊ नये म्हणून सिफ तिथे उभा आहे.

लढाईत तो धन्याची भलीमोठी तलवार तोंडात धरून फिरवतो. लांडग्याच्या हातून तलवार चालवून घेणं गेम बनवणाऱ्याला मुळीच सोयीचं नाही. पंजे आणि दात सोपे पडले असते. पण तलवार तोंडात आहे म्हणून त्याचा प्रत्येक वार आर्टोरियसची आठवण देतो, वेगळं सांगावं लागत नाही. मग त्याच्या आयुष्याची पट्टी संपत आली की सिफ लंगडू लागतो. तोच घुमवून मारायचा वार तो पुन्हा करायला जातो आणि तलवारीच्या वजनाने स्वतःच कोलमडतो. वार तोच, इशारा तोच, फक्त शरीर साथ देत नाही. आतापर्यंत ज्याला घाबरून आपण लोळण घेत होतो, त्याच्यासमोर आता नुसतं उभं राहिलं तरी चालतं. तेव्हा हात आखडतो.

पुढच्या वर्षी आलेल्या ‘आर्टोरियस ऑफ द अ‍ॅबिस’ या जोडभागात खुद्द आर्टोरियसशी गाठ पडते. लोकांत पसरलेली दंतकथा अशी की त्याने अंधाराला हरवलं. समोर मात्र डावा हात मोडून लोंबकळणारा, अंधाराने ग्रासलेला माणूस उभा असतो. तो एकाच हाताने लढतो, तलवारीच्या वजनामागे सगळं अंग फेकतो, उसळून कोलांटी घेत तीनतीनदा आदळतो. त्याच्याजवळ ढाल का नाही, हे पुढे गर्तेत उतरल्यावर कळतं: ती ढाल लहानग्या सिफभोवती संरक्षण धरून पडलेली असते. म्हणजे ज्या उघड्या, बेफाम लढण्याच्या शैलीने आपल्याला दहा वेळा मारलं, तिचं कारण त्याने आपली ढाल कोणाला तरी देऊन टाकली होती हे आहे. लढाईची अडचण आणि कथेचा गाभा एकाच गोष्टीतून निघाले.

त्याचा एक डाव मला विशेष अभ्यासण्यासारखा वाटतो. मधेच तो थांबून अंगात अंधार साठवू लागतो. साठवणं पूर्ण झालं तर त्याचे वार बरेच जड होतात. पण त्या वेळात पुरेसे घाव घातले तर ते मोडता येतं. अंधार त्याला गिळतोय ही कथा, आणि ‘आत्ताच जवळ जा, लांब पळू नकोस’ ही खेळायची सूचना, दोन्ही एकाच क्षणात मिळतात.

पायरी पहिली: पूर्वकथेचं एक वाक्य, आणि त्यात ‘अजूनही’

बहुतेक पूर्वकथा भूतकाळात लिहिलेल्या असतात. तो राजा होता, त्याचा घात झाला, तो वेडा झाला. यातून वार निघत नाहीत. वार वर्तमानातल्या क्रियापदातून निघतात. म्हणून कागदावर असं वाक्य लिहा ज्यात ‘तो अजूनही काय करतोय’ याचं उत्तर असेल. सिफ अजूनही राखण करतोय. आर्टोरियस अजूनही लढतोय, पण कोणाशी हे आता त्याला कळत नाही.

आमच्या बॉसचं बीज उजनी धरणातून आलं. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ते पाहून मनात आलं की पाण्याखालच्या गावात एखादा माणूस मागे राहिला असेल तर तो काय करत असेल. गेममधलं गाव काल्पनिक आहे. बॉस म्हणजे त्या गावचा कोतवाल, जो डफडं वाजवत दवंडी पिटायचा. वाक्य असं झालं: ‘पाणी शिरलं त्या रात्री कोतवाल दारोदार दवंडी देत फिरला, लोक उठले नाहीत, आणि तो अजूनही त्यांना चढावर काढायचा प्रयत्न करतोय.’ खेळणारा त्या गावात उतरतो ते एका बुडालेल्या घरातली पेटी आणायला. म्हणजे कोतवालाच्या नजरेत तो आणखी एक न ऐकणारा गावकरी आहे.

हे वाक्य जमलं की नाही हे तपासायला ते मोठ्याने वाचा आणि शेवटचं क्रियापद झाका. उरलेल्यावरून बॉस कुठे उभा राहील, कुठे तोंड करेल, कशाच्या मागे धावेल हे सांगता येत असेल तर पुढे जा. नसेल तर लिहिलंय ते अजून चरित्र आहे, बॉस नाही.

पायरी दुसरी: वार कथेतून काढा, कथेचा रंग वारांवर फासू नका

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. तयार वारांचा संच घ्यायचा, म्हणजे एक झेप, एक गोल वार, एक लांबून फेकायचं काहीतरी, आणि मग त्यावर आगीऐवजी पाण्याची चित्रं चढवायची. तसा बॉस दुसऱ्या कुठल्याही कथेत बसतो, म्हणजे तो कथा सांगत नाही.

कोतवालाकडे आम्ही मोजून तीन गोष्टी ठेवल्या.

पहिली, ढकलणं. तो दोन्ही तळवे पुढे करून खेळणाऱ्याला ढकलतो. खेळणाऱ्याचं आयुष्य १०० धरलं तर या धक्क्याने फक्त ४ जातं, पण माणूस सहा मीटर फेकला जातो. आणि धक्क्याची दिशा बॉसपासून लांब अशी नसते, ती नेहमी चढाकडे असते. एरवी धक्का देताना बॉसच्या जागेवरून दिशा काढतात. आम्ही ती चढाच्या जागेवरून काढली. गोडो इंजिनमध्ये ती एवढीच:

```
var dir = (slope.global_position - player.global_position).normalized()
player.velocity = dir * PUSH_SPEED
```

तुम्ही त्याच्या कुठल्याही बाजूला उभे असा, तो तुम्हाला पाण्याबाहेरच ढकलतो. हे शब्दांत कुठेच सांगितलेलं नाही.

दुसरी, दवंडी. तो डफड्यावर तीन ठोके देतो, दोन ठोक्यांमध्ये ०.६ सेकंद. तिसऱ्यानंतर ०.८ सेकंदाने गावाच्या सखल भागात पाण्याची लाट येते आणि तिथे सापडलेल्याचे ३० जातात. कोतवाल स्वतः लाट आणत नाही, तो ती येतेय हे सांगतो. पहिल्या तीन-चार लढायांत खेळणाऱ्याला वाटतं की डफडं हाच हल्ला आहे. नंतर एखाद्या वेळी कोतवाल दाराशी अडकलेला असताना उशिरा ठोका देतो आणि लाट आधी येते. तेव्हा पहिल्यांदा शंका येते. हा उशीर आम्ही मुद्दाम ठेवला, पण लढाई सुरू होऊन किमान दोन मिनिटं झाल्यावरच. आधी नियम पक्का व्हायला हवा, तरच तो मोडलेला जाणवतो.

तिसरी, दार ठोठावणं. अधूनमधून तो लढाई सोडून रिकाम्या घराकडे जातो, काठीने दोनदा दार ठोठावतो आणि कान देऊन उभा राहतो. अडीच सेकंद. तेवढ्या वेळात त्याची पाठ उघडी असते आणि खरं नुकसान करता येतं ते तेव्हाच. म्हणजे जिंकायचं असेल तर तो कोणाच्या उत्तराची वाट बघत असताना त्याच्या पाठीत वार करावा लागतो. लढाईत घाव घालायची फट कुठे ठेवायची हे प्रत्येक बॉसला ठरवावंच लागतं. ती फट कथेच्या सगळ्यात नाजूक जागेवर ठेवली की खेळणारा कथेत स्वतः सामील होतो.

पायरी तिसरी: खेळणारा कधी बघतो, ते ओळखा

लढाईत नजर सारखी बॉसवर नसते. वार चुकवल्यावर खेळणारा स्वतःच्या आयुष्याच्या पट्टीकडे बघतो, औषध पितो, जागा बदलतो. वार उगारला जातो त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात मात्र तो बॉसच्या अंगाकडे जिवाच्या आकांताने बघतो, कारण त्याचा जीव तिथे अडकलेला असतो. कथा सांगणारं चित्र त्या उगारण्यात ठेवा. आर्टोरियसचा लोंबता हात प्रत्येक वार उगारताना डोळ्यांसमोर हलतो, म्हणून तो विसरला जात नाही.

कोतवालाच्या धक्क्यात आम्ही आधी चूक केली होती. तो सरळ खेळणाऱ्याकडे तोंड करून ढकलायचा आणि माणूस भलत्याच बाजूला उडायचा. खेळून पाहणाऱ्या मैत्रिणीने ‘धक्क्यात बग आहे’ असं लिहून ठेवलं. तिचं बरोबर होतं, कारण अंग एक सांगत होतं आणि परिणाम दुसराच होता. मग ढकलण्याआधी १२ फ्रेम तो मान चढाकडे वळवतो आणि तळवे त्या बाजूला फिरवतो असं केलं. साठ फ्रेमच्या गतीत हा सेकंदाचा पाचवा हिस्सा आहे, म्हणून हे वळण एकूण ४५ फ्रेमच्या उगारण्याच्या सुरुवातीलाच घेतलं, शेवटी नाही. बगची तक्रार गेली. उलट पुढच्या वेळी तिनेच विचारलं, ‘हा सारखा तिकडे का बघतो?’ असा प्रश्न आला की समजावं, चित्र पोचतंय.

लंगडणं, थरथरणं, मध्येच थांबणं या सगळ्यांना हा धोका असतो. अपंगत्व दाखवणारी हालचाल एकदाच आणि लहानशी झाली तर ती ॲनिमेशन अडकल्यासारखी दिसते. ती किमान तीन वेगवेगळ्या वारांत दिसू द्या आणि तिच्याबरोबर आवाज द्या.

पायरी चौथी: फेज बदलला की वेग नको, हेतू बदला

अर्धं आयुष्य गेलं की बॉस लाल होतो आणि दुप्पट वेगाने मारतो, हे इतक्यांदा झालंय की त्यातून काहीच कळत नाही. २०१७ च्या ‘हॉलो नाइट’मध्ये याहून वेगळं काय करता येतं ते दिसतं. टीम चेरीच्या त्या गेममधला हॉलो नाइट आतल्या संसर्गाला कोंडून ठेवण्यासाठी साखळदंडांत बांधलेला असतो. लढाई पुढे सरकते तसा तो मध्येच आपलीच तलवार स्वतःच्या अंगात खुपसू लागतो. म्हणजे तो आपल्या बाजूने लढतोय. शेवटी तर तो पडत-धडपडत वार करतो. पुढे आलेल्या ‘गॉडमास्टर’ भागात त्याचंच संसर्ग होण्याआधीचं रूप, प्युअर व्हेसल, लढायला मिळतं, आणि तिथे हालचाली स्वच्छ, नेमक्या, जीवघेण्या असतात. दोन्ही लढाया केलेल्याला किती नासाडी झाली ते सांगावं लागत नाही.

कोतवालाचं आयुष्य ५० टक्क्यांवर आलं की डफडं फुटतं. आता तो दारांवर आणि स्वतःच्या छातीवर ठोके देतो. ठोका दबका येतो, म्हणून खेळणाऱ्याला कानांऐवजी डोळ्यांनी मोजावं लागतं आणि त्याच्याकडे आणखी निरखून बघावं लागतं. लाट आता कमरेपर्यंत येते. दवंडी द्यायचं साधन गेलं तरी काम सुटलं नाही, एवढंच या फेजचं म्हणणं.

२० टक्क्यांवर तो ढकलणं थांबवतो. चढाच्या पायथ्याशी, पाणी आणि खेळणारा यांच्या मध्ये हात पसरून उभा राहतो. लाट त्याच्याच पाठीवर आदळते आणि त्याचं आयुष्य आपोआप कमी होत जातं. खेळणाऱ्याने वार केले तरी चालतं, न केले तरी चालतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट न विसरता करा. ज्याच्याजवळ जड शस्त्र आहे तो दोन घावांत ५५ टक्क्यांवरून १५ वर नेतो आणि डफडं फुटलेलं त्याला दिसतच नाही. म्हणून प्रत्येक फेजला तळ ठेवा: ५० च्या खाली आयुष्य तोवर जाऊ द्यायचं नाही जोवर बदलाची हालचाल पूर्ण होत नाही, जास्तीचं नुकसान सोडून द्यायचं. ती हालचाल दोन सेकंदांपेक्षा लांबवू नका. आपला घाव फुकट गेला ही चिडचिड तेवढ्यात विरते, त्यापुढे वाढते.

पायरी पाचवी: मैदानालाही नियम द्या

कोतवाल चढावर उभ्या असलेल्या माणसाला कधीच मारत नाही. पहिल्या सेकंदापासून. हा नियम कथेतून सरळ निघतो, पण खेळात तो भोक पाडतो: चढावर उभं राहून धनुष्याने मारत बसा, लढाई संपली. आम्ही आधी तिथवर पोचणारा एक दगड त्याच्या हातात दिला आणि लगेच काढला, कारण ज्याला वाचवायचंय त्यालाच दगड मारणारा कोतवाल खोटा वाटत होता. शेवटी असं केलं: चढावरून बाण लागला की तो प्रतिकार करत नाही, घरांच्या आडोशाला पुढच्या दाराकडे निघून जातो, आणि तिथे बाण पोचत नाही. भोक बुजलं आणि स्वभावही टिकला.

याच नियमातून दुसरा शेवट मिळाला. तिसऱ्या फेजमध्ये खेळणारा शस्त्र न चालवता दहा सेकंद चढावर थांबला तर कोतवाल हात खाली घेतो आणि लढाई थांबते. पेटी घ्यायची वाट त्यानंतर पाणी ओसरलं की मोकळी होते.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. बॉसचा स्वतःचा हात हलका असला की लोकांना तो सोपा वाटतो. आमच्याकडेही तेच झालं. आम्ही धक्क्याचे ४ वाढवले नाहीत, लाट वाढवली. या लढाईत खेळणारा मेला तर तो जवळजवळ नेहमीच पाण्याने मरतो.

पायरी सहावी: आवाज बंद, कटसीन बंद

खेळून बघायला देताना कटसीन काढून टाका, संवाद काढून टाका, बॉसचं नावही पडद्यावर ठेवू नका. एकदा आवाजासकट आणि एकदा आवाजाशिवाय खेळवा. ‘कथा कळली का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. पाच वेळा हरल्यावर थांबवून एवढंच विचारा: ‘त्याला काय हवंय?’ पहिल्या फेरीत आम्हाला ‘मला मारायचंय’ हे उत्तर मिळालं. मान वळवण्याची दुरुस्ती झाल्यावर ‘मला वर पाठवायचंय’ असं येऊ लागलं. ‘कोतवाल’ हा शब्द कोणीच म्हटला नाही, आणि तो लढाईकडून मागायचाही नाही. नाव, गाव, साल या गोष्टी पेटीतल्या कागदावर लिहिल्या आहेत. वारांनी हेतू, जखम आणि सवय सांगावी. नावनिशी त्यांच्यावर लादली की लढाईच्या मध्ये बॉसला बोलत बसवावं लागतं.

उत्तर वेगवेगळ्या माणसांकडून अगदीच वेगवेगळं आलं तर बहुतेक वेळा दोन हेतू एकमेकांत मिसळलेले असतात. आमच्या कोतवालाला सुरुवातीला लोकांवर रागही होता, ऐकलं नाही म्हणून, आणि तो खेळणाऱ्याला काठीने जोरात हाणायचा. तो वार दिसायला झकास होता. तो काढला तेव्हाच बाकीचे वार वाचता येऊ लागले.

पायरी सातवी: तो गेल्यावर

लढाई संपल्यावरही त्या भागात अजून साधारण वीस मिनिटांचा खेळ उरतो: बुडालेली घरं, पेटी, परतीची वाट. लाटा तिथेही येत राहतात, पूर्वीच्याच अंतराने. कोतवालाला मारलं असेल तर त्या आता ठोक्यांशिवाय येतात. खेळणाऱ्याला भिंतीवरची ओल आणि हलणारं गवत बघून अंदाज घ्यावा लागतो, आणि पहिल्या दोन-तीन लाटा तर चुकतच नाहीत. त्याला जगू दिलं असेल तर प्रत्येक लाटेआधी दूर कुठेतरी, घरांच्या पलीकडे, दारावर तीन दबके ठोके पडतात.